तीन प्रश्नांत मावणारं एकटेपण

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतली माणसं देशभर पसरली आहेत. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणं, म्हणजे गलाई, हा त्यांचा धंदा. दुष्काळी शेतीवर भागत नव्हतं म्हणून घरटी एखादा पोरगा बाहेर पडला, मग त्यानं भावाला नेलं, भावानं मेव्हण्याला. आज कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ गल्लीत विट्याकडची मराठी कानावर पडू शकते. त्या कमाईतून गावाकडे चांगली पक्की घरं उभी राहिली. त्यांतल्या बऱ्याच घरांत वर्षाचा बराचसा काळ फक्त म्हातारी माणसं असतात.

साताऱ्याच्या पश्चिमेला पाटण आणि जावळीच्या डोंगरात गोष्ट तीच, वाट वेगळी. तिथला गडी मुंबईला गेला, गोदीत आणि बाजारात ओझी उचलू लागला. माथाडींना एकत्र आणणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि त्या चळवळीतून आलेला माथाडी कायदा १९६९ चा. ही ये-जा जनगणनेतही उमटते. २०११ साली महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, सांगलीत ९६६ आणि साताऱ्यात ९८८. या दोन जिल्ह्यांत स्त्रियांचं प्रमाण जास्त दिसण्यामागे बाहेर गेलेले पुरुष हे एक मोठं कारण आहे.

आता दोन माणसं डोळ्यांसमोर आणू. दोन्ही कल्पनेतली, पण अशी माणसं या भागात ज्याला-त्याला माहीत असतील. खानापूर तालुक्यातली एक आजी, वय ७४, नवरा गेलेला, दोन्ही मुलं दक्षिणेत गलाईच्या दुकानात. चार खोल्यांच्या घरात ती एकटी राहते. आणि पाटण तालुक्यातले एक आबा, वय ७१, घरात मुलगा, सून, तीन नातवंडं, शिवाय शेजारी भाऊबंदांची घरं. कुणाला एकटं वाटत असेल? बाहेरून पाहणारा आजीकडे बोट दाखवेल. ते बरोबर असेलच असं नाही, आणि इथूनच या विषयातली नवलाई सुरू होते. आजीच्या घरात किती माणसं राहतात, फोन दिवसाला किती वेळा वाजतो, हे कुणीही मोजू शकतं. पण एकटं वाटणं ही त्या मोजदादीत सापडणारी वस्तूच नाही. लेटिशिया ॲन पेप्लॉ आणि डॅनियल पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ च्या सुमारास जी व्याख्या रूढ केली ती अशी: माणसाला जशी आणि जितकी नाती हवी असतात आणि प्रत्यक्षात जी मिळतात, त्यांतल्या अंतरातून होणारा त्रास म्हणजे एकटेपण. हे अंतर एका माणसाच्या आतच असतं. त्याचं एक टोक, म्हणजे ‘हवं किती होतं’, ते इतर कुणालाही दिसत नाही.

तरीही ते मोजता येतं, तेही तीन प्रश्नांत, मिनिटाभरात. मला ही गोष्ट अजूनही थक्क करते.

या प्रश्नांची वंशावळ अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू होते. १९७८ मध्ये डॅनियल रसेल, पेप्लॉ आणि मेरी फर्ग्युसन यांनी २० विधानांची एकटेपणाची मोजपट्टी प्रसिद्ध केली. पहिल्या आवृत्तीतली सगळी विधानं एकाच दिशेची, म्हणजे तक्रारीची होती. ज्याला प्रत्येक गोष्टीला होकार द्यायची सवय आहे त्याचा आकडा आपोआप फुगायचा. म्हणून १९८० च्या सुधारित आवृत्तीत निम्मी विधानं उलट दिशेनं लिहिली गेली. मोजपट्टी चांगली झाली, पण २० विधानं दूरध्वनीवर एखाद्या वृद्धाला वाचून दाखवायची म्हणजे ऐकणारा दमून जातो. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या एका प्रचंड पाहणीसाठी काहीतरी आटोपशीर हवं होतं. २००४ मध्ये मेरी एलिझाबेथ ह्यूज, लिंडा वेट, लुईस हॉकली आणि जॉन कॅसिओपो यांनी त्या २० मधून तीन निवडली आणि साध्या प्रश्नांच्या रूपात मांडली. मराठीत त्यांचा आशय साधारण असा येईल:

आपल्याला कुणाची साथसंगत नाही असं तुम्हाला किती वेळा वाटतं?

आपल्याला बाजूला ठेवलं आहे, कशात धरत नाहीत, असं किती वेळा वाटतं?

आपण इतरांपासून तुटलो आहोत असं किती वेळा वाटतं?

उत्तरं तीनच: क्वचित किंवा कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा. त्यांना अनुक्रमे १, २ आणि ३ गुण. बेरीज कमीत कमी ३, जास्तीत जास्त ९. यंत्र म्हणायचं तर एवढंच.

नीट पाहिलं तर या प्रश्नांत ‘एकटं’ हा शब्द कुठेच नाही. ते मुद्दाम आहे. ‘तुम्हाला एकटं वाटतं का?’ असं थेट विचारलं की अनेकजण, विशेषतः पुरुष, झटकन नाही म्हणतात. आपल्याकडे तर म्हाताऱ्यानं असं कबूल करणं म्हणजे पोरांची बेअब्रू. त्याऐवजी एकटेपणाच्या तीन खुणा विचारल्या जातात आणि माणूस खुणांबद्दल जास्त मोकळं बोलतो.

पण २० प्रश्नांचं काम तीन कसे करतील? ह्यूज आणि सहकाऱ्यांनी तीच माणसं दोन्ही पट्ट्यांनी मोजली आणि दोन्ही आकड्यांमधला सहसंबंध काढला. तो आला ०.८२. पूर्ण जुळलं असतं तर १, काहीच संबंध नसता तर ०. म्हणजे लांब पट्टीवर ज्याचा आकडा वर, त्याचा तीन प्रश्नांतही बहुतेक वेळा वर. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो तशीच ही परीक्षा, आणि तिची अटही तीच: भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा. निवडलेली तिन्ही शितं पातेल्याच्या एकाच बाजूची आहेत हे मात्र विसरून चालत नाही. तिन्ही प्रश्न तुटलेपणाच्या, वगळलं जाण्याच्या भावनेभोवती फिरतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की जिवाभावाचं एक माणूस नसणं आणि वावरायला चार माणसं नसणं ही दोन वेगळी एकटेपणं आहेत आणि एकानं दुसरं भरून निघत नाही. नवरा गेलेल्या बाईभोवती नातवंडांचा गोतावळा असला तरी पहिली उणीव तशीच राहते. हा फरक पकडायचा असेल तर तीन प्रश्न अपुरे आहेत. त्यासाठी नेदरलँड्समधल्या येनी द योंग गीरवेल्ड आणि थिओ व्हान टिलबर्ग यांची २००६ ची सहा प्रश्नांची पट्टी आहे. तिच्यात तीन प्रश्न पहिल्या प्रकारचे आणि तीन दुसऱ्या प्रकारचे. कुठली पट्टी घ्यायची हे आधी ठरवावं लागतं, कारण जे विचारलंच नाही ते मागाहून आकड्यांतून उकरून काढता येत नाही.

वर दिलेले मराठी प्रश्न हे माझं आशय सांगणं आहे, तपासून सिद्ध केलेली मोजपट्टी नव्हे. तिथपर्यंत पोहोचायला बरंच काम लागतं. दोन जणांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्यानं ते पुन्हा इंग्रजीत न्यायचं, तफावत दिसेल तिथे बसून वाद घालायचा. आणि मग सर्वांत मोलाचा टप्पा: आठ-दहा वृद्धांना प्रश्न विचारून लगेच पुढे विचारायचं, ‘हे ऐकल्यावर तुमच्या मनात काय आलं?’ इथे काय निघेल याचा टेबलावर बसून अंदाज येत नाही. समजा पहिल्या प्रश्नात ‘सोबत’ हा शब्द घातला. आमची खानापूरची आजी म्हणेल, ‘सोबतीला शेजारचं पोरगं येतंय की रोज रात्री झोपायला.’ आणि तिचं उत्तर होईल, क्वचित किंवा कधीच नाही. तिनं खोटं काहीच सांगितलं नाही. तिनं रात्रीच्या राखणीबद्दल सांगितलं, आपण मात्र मनाच्या संगतीबद्दल ऐकल्याचं लिहून घेतलं. अशा वेळी प्रश्न बदलावा लागतो, आजीला समजावून सांगत बसायचं नसतं. कारण समजावणारा प्रत्येकजण वेगळं समजावेल आणि मग प्रत्येक पाहणीदाराची पट्टी वेगळी होईल.

आता पाटणच्या आबांच्या ओसरीवर येऊ. प्रश्न विचारणारी गावातलीच आशाताई आहे असं धरू. आबा तिला ओळखतात, म्हणून बोलतील. आबा तिला ओळखतात, म्हणून काही बोलणारही नाहीत. दाराशी सून उभी आहे, चहा घेऊन आलेली. पहिल्या प्रश्नाला आबा म्हणतात, ‘कवा कवा.’ दुसरा प्रश्न येतो, बाजूला ठेवल्यासारखं वाटतं का? या घरात, या क्षणी, हा प्रश्न आबांच्या भावनेबद्दल उरतच नाही, तो सुनेवरचा आरोप होतो. आबा हसतात. ‘छे छे, माझ्याबिगर पान हलत न्हाय घरात.’ एक गुण. तिसऱ्याला पुन्हा ‘कवा कवा’. बेरीज ५.

आठवड्यानं तीच ताई मळ्यात आबांना गाठते, आसपास कुणी नाही. उत्तरं येतात २, ३, ३. बेरीज ८. मुलगा जमिनीच्या व्यवहारात विचारत नाही, गावच्या बैठकीला आता त्यांच्याऐवजी त्याला बोलावणं येतं, कानानं कमी ऐकू येत असल्यानं घरातल्या गप्पांत ते नुसतेच बसून असतात. हे सगळं त्या ८ मध्ये दबलेलं आहे.

म्हणून चांगल्या पाहणीच्या कागदावर उत्तरांशेजारी एक चौकट असते: विचारताना जवळ कोण होतं? तिचा उपयोग पुढे कळतो. शंभर-दोनशे माणसं झाल्यावर दोन गट पाडायचे, कुणी जवळ असलेला आणि नसलेला. पहिल्या गटात तिन्ही प्रश्नांचे आकडे थोडे खाली असतील तर एखाद वेळेस त्या गटाला खरंच कमी एकटं वाटत असेल. पण फक्त दुसराच प्रश्न खाली घसरला असेल आणि पहिला-तिसरा जागच्या जागी असतील, तर तो दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा परिणाम आहे असा दाट संशय घ्यावा. नुसती बेरीज जपून ठेवली आणि सुटी उत्तरं फेकून दिली तर हे कधीच सापडणार नाही.

आजीनं शब्द बदललेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं २, १, १. बेरीज ४. चार खोल्यांत एकट्या राहणाऱ्या आजीची बेरीज ४ आणि भरल्या घरातल्या आबांची ८. आजीला ही मोकळीक आवडते, सकाळी देऊळ, दुपारी शेजारणींबरोबर शेंगा फोडणं, रात्री मुलांचा फोन. तिला जे हवं आहे त्यातलं बहुतेक तिला मिळतं. घरातल्या माणसांची मोजणी आणि मनाची मोजणी अशा वेगळ्या वाटांनी जातात. इंग्लंडमध्ये अँड्र्यू स्टेप्टो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ५२ वर्षांवरच्या सुमारे ६५०० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रत्यक्ष संपर्क किती कमी आहे हे एका मापानं आणि एकटेपण याच तीन प्रश्नांनी मोजलं होतं. आधीचं आजारपण वगैरे हिशेबात घेतल्यावर मृत्यूशी संबंध टिकला तो संपर्काच्या अभावाचा, एकटेपणाचा टिकला नाही. याचा अर्थ एकटेपण निरुपद्रवी आहे असा नव्हे. आजारपण आणि एकटेपण एकमेकांत इतके गुंतलेले असतात की एक बाजूला काढताना दुसऱ्याचा धागाही निघून येतो. पण संपर्क आणि एकटेपण वेगळं मोजलं होतं म्हणून हे दिसलं तरी. आपल्याकडच्या पाहणीतही ‘घरात कितीजण राहतात’ हा रकाना एकटेपणाचा पर्याय म्हणून वापरला तर आजीला मदत मिळेल आणि आबा सुटतील.

आता बेरजेच्या आतल्या गमतीकडे जरा थांबून पाहायला हवं. तीन प्रश्न, प्रत्येकी तीन उत्तरं, म्हणजे एकूण २७ प्रकारे कागद भरता येतो. बेरीज ३ यायची एकच रीत, ९ यायची एकच. पण बेरीज ६ यायच्या सात रीती आहेत: २-२-२ ही एक, आणि १, २, ३ हे आकडे कुठल्याही क्रमानं आले तर सहा. म्हणजे सहा गुणांची दोन माणसं अगदी वेगळी असू शकतात. एकीला साथसंगत बऱ्याचदा नसते, पण बाजूला टाकल्यासारखं कधीच वाटत नाही. दुसऱ्याचं नेमकं उलट. आणि तिसरा प्रत्येक प्रश्नाला ‘कधी कधी’ म्हणून गेलेला. या तिसऱ्याकडे विशेष लक्ष द्यावं. ‘कवा कवा’ हे आपल्याकडे उत्तरही आहे आणि विषय टाळायची सभ्य रीतही. सहा गुणांच्या माणसांत बहुतेकजण २-२-२ वाले निघाले तर त्यातल्या काहींना वेगळ्या दिवशी पुन्हा विचारावं. ज्याला खरंच कधी कधी वाटतं तो साधारण तेच सांगेल, ज्यानं टाळलं त्याची उत्तरं इकडेतिकडे जातील.

हा सहा आकडा महत्त्वाचा होण्याचं कारण असं की बऱ्याच संशोधनांत ६ किंवा जास्त गुण म्हणजे ‘एकटेपण असलेला’ अशी रेघ ओढतात. ती रेघ निसर्गानं ओढलेली नाही. मोजपट्टी बनवणाऱ्यांनी आजार ठरवायचा आकडा म्हणून ती दिलेली नाही. सोयीसाठी रूढ झालेली आहे. ती किती सरकती आहे हे एका कल्पित गावाच्या आकड्यांवर पाहू. ६० वर्षांवरची १०० माणसं मोजली. ३ गुण मिळालेले ३८, ४ चे १७, ५ चे १३, ६ चे १८, ७ चे ७, ८ चे ४ आणि ९ चे ३. रेघ ६ वर ओढली तर ३२ जण एकटे ठरतात. ७ वर ओढली तर १४. ५ वर ओढली तर ४५. माणसं तीच, उत्तरं तीच, आणि वर्तमानपत्रात मथळा येऊ शकतो ‘निम्मे ज्येष्ठ एकाकी’ किंवा ‘सातांत एक एकाकी’. रेघ कुठे ओढली हे न सांगता छापलेली टक्केवारी वाचकानं बाजूला ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय १०० माणसांच्या पाहणीतले ३२ टक्के म्हणजे खरा आकडा साधारण २३ ते ४१ यांच्या दरम्यान कुठेतरी. तालुक्यातालुक्याची तुलना करून ‘यांच्यापेक्षा त्यांच्याकडे एकटेपण जास्त’ म्हणायला हे अंतर फार मोठं आहे.

एका माणसाच्या आकड्याचं काय? ह्यूज यांच्या अभ्यासात तीन प्रश्नांची आपसातली जुळणी, जिला संख्याशास्त्रात अल्फा म्हणतात, ती ०.७२ होती. तीनच प्रश्नांसाठी हे चांगलं आहे. आपल्या भाषेत, आपल्या गावांत ती पुन्हा मोजायला हवी, पण सध्या तीच धरू. आपल्या कल्पित गावाची सरासरी येते ४.६ आणि आकड्यांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, साधारण १.७. यावरून एका माणसाच्या बेरजेत किती डळमळ असते ते काढता येतं: १ मधून ०.७२ वजा केले की उरतात ०.२८, त्याचं वर्गमूळ सुमारे ०.५३, त्याला १.७ नं गुणलं की ०.९. म्हणजे ६ गुण मिळालेल्या माणसाचा खरा आकडा ४ ते ८ मध्ये कुठेही असू शकतो. त्या दिवशी गुडघा दुखत होता, आदल्या रात्री मुलाचा फोन आला नव्हता, एवढ्यानंही उत्तर हलतं. म्हणून या आकड्यावरून आजीच्या कार्डावर ‘एकाकी’ असा शिक्का मारणं चूक. आबांचे ८ पाहून करायचं ते एवढंच की त्यांच्याशी कुणीतरी निवांत बसून बोलावं, आणि कान तपासून घ्यावेत.

दिवस कुठला हेही त्या डळमळीत भर घालतं, पण तिथे डळमळ सगळ्यांची एकाच दिशेनं असते, आणि ती जास्त फसवी. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा असतात. मुंबईकर आणि गलाईवाले गावी येतात, घरं भरतात. त्या आठवड्यात मोजलं तर आकडे खाली, पाहुणे गेल्यानंतरच्या आठवड्यात वर. आषाढात ज्ञानेश्वर माऊलींची पालखी लोणंद, फलटणवरून जाते. त्या दिवसांत जे वृद्ध घरी सापडतात त्यांच्यात चालू न शकणाऱ्यांचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त असणार, आणि जे धट्टेकट्टे, चार लोकांत मिसळणारे, ते वारीत. दूरध्वनीवरून विचारलं तर ज्यांना ऐकू येत नाही ते आपोआप गळतात, आणि ऐकू न येणं हेच एकटेपणाचं एक कारण आहे. शाबूत पट्टी चुकीच्या माणसांवर लावली तरी आकडा मिळतोच, आणि तो दिसायला तितकाच नीटनेटका असतो.

देशपातळीवर आपल्याकडे ज्येष्ठांची जी सर्वांत मोठी पाहणी आहे, तिचं मुख्य केंद्र मुंबईत देवनारला, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत आहे. २०१७-१८ च्या तिच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांना भेटून माहिती घेतली गेली. त्यात नैराश्य मोजणाऱ्या दहा प्रश्नांपैकी एक प्रश्न गेल्या आठवड्यात किती वेळा एकटं वाटलं असा आहे. त्या एका प्रश्नावरून भारतातल्या एकटेपणाबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. पण तो थेट प्रश्न आहे, आठवड्यापुरता आहे, आणि नैराश्याच्या पट्टीचाच भाग आहे. त्यावरून ‘एकटेपण आणि नैराश्य यांचा घट्ट संबंध’ असा निष्कर्ष काढताना तोच प्रश्न दोन्ही बाजूंना मोजला जात नाही ना, हे आधी तपासलं पाहिजे. आणि त्यावरची टक्केवारी तीन प्रश्नांच्या टक्केवारीशेजारी ठेवू नये. माप वेगळं आहे.

शेवटची पायरी सर्वांत निसरडी: एखादा उपक्रम केला आणि एकटेपण कमी झालं का हे पाहणं. आपल्या कल्पित गावातली ६ आणि त्याहून जास्त गुणांची ३२ माणसं घेऊ. त्यांची सरासरी ६.७५. त्यांच्यासाठी मंदिरात आठवड्यातून दोनदा बैठक सुरू केली, भजन, चहा, औषधांची चौकशी. सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं, सरासरी ५.८. जवळजवळ एका गुणाची घट. संस्थेच्या अहवालात हा आकडा ठळक अक्षरांत जाईल.

पण ही ३२ माणसं आपण निवडली कशी? त्या दिवशी ज्यांचा आकडा वर होता ती. त्यांच्यात काहीजण असे असणारच ज्यांचा आकडा डळमळीत योगायोगानं वर गेला होता. पुन्हा मोजल्यावर तो आपोआप थोडा खाली येतो, बैठक भरो न भरो. किती खाली, याचाही हिशेब करता येतो. गावाची सरासरी ४.६३, या माणसांची तिच्यापासून उंची २.१२. पट्टीची विश्वसनीयता ०.७२ धरली तर त्यातली सुमारे १.५ एवढीच उंची टिकायची. म्हणजे काहीही न करता पुढच्या वेळी त्यांची सरासरी ६.२ च्या आसपास येणं अपेक्षित आहे. साडेनऊ दशांश गुणांच्या घटीतले सहा दशांश असे नुसत्या पुन्हा मोजण्यानं आले. बैठकीच्या वाट्याला उरले चार दशांश.

आणि हे चार दशांशसुद्धा हिशेबातून आलेले, प्रत्यक्ष पाहिलेले नव्हेत. त्यासाठी शेजारचं एक गाव हवं, तशीच निवडलेली माणसं, तीच पट्टी, त्याच महिन्यात, पण बैठक नाही. प्रत्येक गावात ३२ माणसं असतील तर दोन गावांतल्या फरकात सुमारे सहा दशांशाची अनिश्चितता दोन्ही बाजूंनी राहते, म्हणजे चार दशांशांचा फायदा तिच्यात बुडून जाईल. ती निम्म्यावर आणायची तर माणसं चौपट लागतील, प्रत्येक बाजूला सव्वाशेच्या पुढे, म्हणजे इकडची चार गावं आणि तिकडची चार. दुसऱ्या बाजूच्या चार गावांतली बैठक मोजणी संपल्यावर, सहा महिन्यांनी सुरू करता येते. तोवर त्यांच्या ओसऱ्यांवर जाऊन फक्त तीन प्रश्न विचारायचे असतात, आणि जवळ कोण होतं ते लिहायचं असतं.